पेन सोडून काहीही

ज्याला पेनं आवडतात त्याला पेन द्यावं, हे इतकं सरळ गणित आमच्या घरात गेली कित्येक वर्षं चुकत आलं आहे. आमच्या दादाला शाईची पेनं आवडतात. तो गव्हाण गावातल्या जुन्या घरात राहतो, मी शेजारच्या घरात. वाढदिवस, दिवाळी, निवृत्ती, साठी, नातवाचं बारसं, निमित्त कोणतंही असो, आठवडाभर आधी मला फोन येतात. "काका, बाबांसाठी एक मस्त पेन बघितलंय, पाठवू का फोटो?" फोटो येतो. मखमली अस्तराची पेटी, तिच्यात काळं चकचकीत पेन, शेजारी त्याच रंगाची किल्ल्यांची साखळी. मी म्हणतो, पेन सोडून काहीही आणा. पलीकडे जरा वेळ शांतता पसरते. पेनवेड्या माणसाला पेन द्यायचं नाही, तर मग काय, शर्टाचं कापड?

दादाच्या टेबलाला दोन खण आहेत. वरच्या खणात त्याची लाडकी पेनं: एक एबोनाईटचं, बापाच्या वेळचं, वरून शाई ओतायचं; एक जपानी, बारीक निबेचं; एक जर्मन, जाड निबेचं; आणि अशी आणखी काही, जी पाहुण्याने नुसती हातात घेतली तरी दादाचं बोलण्यातलं लक्ष उडतं. खालच्या खणात भेट आलेली पेनं. खालच्या खणातलं पेन वरच्या खणात गेल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यात देणाऱ्यांच्या प्रेमाची कमतरता नाही, खोट किमतीत आहे. दादाला कुणी जत्रेतलं दहा रुपयांचं पेन आणून दिलं तर तो खूश होतो, त्याची निब काढून बघतो, निबेखालची जीभ धुतो, संध्याकाळपर्यंत त्याच्याशी खेळतो. कुणी तीस हजारांचं दिलं तर घाबरेल, पण वापरेल. खरी पंचाईत मधल्या रकमेची, म्हणजे दीड-दोन हजारांची. पेनाच्या जगात दीड-दोन हजारांत नवशिक्याचं चांगलं पेन येतं. आणि नवशिक्याचं चांगलं पेन दादाकडे तेव्हापासून आहे, जेव्हा तो स्वतः नवशिका होता.

आता हेच दोन हजार रुपये पेनाच्या दुकानातून उचलून शाईच्या फळीपाशी न्या. तिथे ते एकदम श्रीमंत होतात. जगातल्या बहुतेक नामांकित शाया त्यात बसतात. कागदाच्या फळीवरही तेच. दोन हजारांत सर्वोत्तम पेन येत नाही, पण सर्वोत्तम कागद येतो आणि सर्वोत्तम शाईही येते. मी फोनवर सगळ्यांना सांगतो ते एवढंच, फक्त ते ऐकताना लोकांना वाटतं की मी त्यांचा उत्साह मोडतोय.

देण्याआधी थोडी हेरगिरी मात्र हवी, आणि त्यासाठी वहिनींसारखा माणूस नाही. पेनांबद्दल त्यांना काडीची आस्था नाही, पण कोणत्या शाईचा डाग कोणत्या शर्टाच्या खिशावर पडला हे त्या तारखेसकट सांगतात. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या. सध्या टेबलावर कोणत्या बाटल्या उघड्या आहेत? कोणत्या पेनात रोज लिहिणं चालू आहे? आणि त्या पेनात शाई कशी भरतात, ड्रॉपरने पोटात ओतून की आतल्या नळीने ओढून? एका संध्याकाळी त्यांनी मला खणाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "भाऊजी, यातलं काहीही घेऊन गेलात तरी माझी हरकत नाही."

शाईपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. देणाऱ्याला वाटतं, शाई म्हणजे रंग. दुकानात चकचकीत बाटली दिसते, आत सोनेरी कण तरंगत असतात, हलवली की वावटळ उठते. डोळे दिपतात. ते कण अभ्रकाच्या जातीचे असतात आणि ते शाईत विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात. बाटली ठेवली की तळाशी बसतात. पेन ठेवलं की पेनाच्या आत बसतात. निबेच्या खाली जी काळी जीभ असते, तिच्यात केसाएवढ्या बारीक खाचा असतात. शाई खाली उतरते आणि तिच्या जागी हवा वर चढते ती त्यांतूनच. त्या खाचांत चमकी अडकली की पेन आधी रुसतं, मग पूर्ण मुकं होतं. रोज लिहून आठवड्याला धुणाऱ्या माणसाचं काही बिघडत नाही. पण बापाच्या वेळच्या एबोनाईटच्या पेनात ती भरली, की आधी पेनाची सुटी होते आणि मग मुलाची.

दुसरी जात पक्क्या शाईची, आणि हिच्याबद्दल दादाचं मत ठाम आहे. आमच्या गावात सहीची किंमत प्रत्येकाला कळते. जमिनी संपादनात गेल्या, मोबदल्याच्या साडेबारा टक्के भूखंडांचे कागद आले, आणि कागद पावसाळ्यात कपाटातून बाहेर काढावेत तर अर्ध्या सह्यांचे निळे ढग झालेले. साध्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो; ओल लागली की तो पुन्हा विरघळतो. म्हणून दादा सहीला लोहाची शाई वापरतो. तिचं मूळ फार जुनं आहे, माजूफळाचा काढा आणि हिराकस. लिहिताना ती फिकट दिसते, मग हवेने हळूहळू काळवंडते आणि कागदाच्या तंतूंत बसते ती बसतेच. आजच्या बाटलीतली लोहाची शाई पूर्वीइतकी जहाल नसते, पण आम्लधर्मी असते, म्हणून ती पेनात महिनोन्‌महिने ठेवून विसरायची नाही. दोन-तीन आठवड्यांनी पेन साध्या पाण्याने धुवायचं. अशी शाई भेट देताना बाटलीबरोबर एवढं वाक्य चिठ्ठीवर लिहून द्यावं. दादाला ते माहीत आहे, पण देणाऱ्यालाही माहीत आहे हे बघून तो दोन दिवस आनंदात असतो.

रंगाचं म्हणाल तर, ज्याचा लाडका रंग ठरलेला आहे त्याला त्याचाच शेजारी द्यावा. दादा निळ्या-काळ्या शाईत लिहितो. त्याला गुलाबी दिलीत तर तो हसून घेईल आणि नातीला देईल. त्याला हिरवट झाक असलेली निळी-काळी द्या, किंवा करडेपणाकडे झुकणारी, म्हणजे तो चार कागदांवर रेघा मारून खिडकीपाशी नेऊन बघत बसेल. वापराचं पेन तेच, वहीही तीच, आणि तरी काहीतरी नवीन. इथे परदेशी बाटलीच हवी असंही नाही. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची भुकटी आणि वड्या करायला घेतल्या, त्यातून पुढे कॅम्लिन झालं, आणि आमच्या पिढीच्या सगळ्या गणवेशांवर त्याची नोंद आहे. बंगालमध्ये १९३४ साली स्वदेशीच्या भरात मैत्र बंधूंनी सुलेखा काढली. ती मध्ये बरीच वर्षं बंद पडली आणि आता नव्या बाटल्यांत पुन्हा मिळते. दादाच्या वयाच्या माणसाला सुलेखाची बाटली दिली की शाई बाजूला राहते आणि गोष्टी सुरू होतात. तेवढा वेळ काढून बसायची तयारी असेल तरच द्या.

बाटलीचा आकार मात्र लहान घ्या. प्रेम मोठं असल्याचं दाखवायला लोक मोठी बाटली आणतात. हिशेब करून बघा: नळीने ओढणाऱ्या पेनात एका वेळी साधारण अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते. पाऊण धरली तर ३० मिलिलिटरची बाटली चाळीस वेळा भरते. दादा आठवड्याला एकदा भरतो, आणि त्याच्या टेबलावर एकाच वेळी चार बाटल्या उघड्या असतात. म्हणजे ८० मिलिलिटरची बाटली त्याच्या हयातीत संपेल की नाही याची शंका घेण्यासारखी परिस्थिती. आणि आमच्याकडची हवा खाडीची. जूनपासून भिंतींना घाम फुटतो, चपलांना बुरशी येते, ती शाईला का सोडेल? शाईवर तवंग दिसला, बुडवलेल्या काडीला पांढुरका तंतू लोंबला, किंवा बाटलीला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला, तर ती गाळून वाचवायच्या फंदात पडायचं नाही. बाटली टाकायची, आणि ती ज्या ज्या पेनात भरली असेल ते प्रत्येक पेन धुवायचं. लहान बाटली त्यामानाने लवकर संपते, तिच्यावर ही वेळ सहसा येत नाही.

आता कागद. याबाबतीत आमच्या सगळ्या नातेवाइकांचा एक आवडता समज आहे: कागद जाड, म्हणजे चांगला. वहीवर शंभर जीएसएम लिहिलेलं बघितलं की ते पाकीट काढतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, त्यापलीकडे काही नाही. शाई फुटणार की नाही ते वजनावर ठरत नाही, खळीवर ठरतं. कागद म्हणजे शेवटी तंतूंची जाळी. तंतू मोकळे असले की शाई त्यांच्या मधल्या फटींतून केशाकर्षणाने पळते आणि अक्षराला मिशा फुटतात. कागद करताना त्याला खळ दिली की ती पळवाट बंद होते आणि शाई जिथे ठेवली तिथेच वाळते. जपानमध्ये ५२ जीएसएमचा एक कागद आहे, तोमोए रिव्हर नावाचा. पान उचललं तर पलीकडचा हात दिसतो, आणि तरी त्यावर जाड निबेची ओली रेघ फुटत नाही. उलट छपाईयंत्रात घालायचा भरभक्कम कागद शाईच्या पेनाखाली टिपकागद होतो.

यावरून आठवलं. पुतणीने एकदा हातकागदाची वही आणली होती. बांधणी सुंदर, पानांत झेंडूच्या पाकळ्या, कडा फाटल्यासारख्या मुद्दाम राखलेल्या. दादाने पेन उघडलं, नाव लिहिलं, आणि नावाचं जे काही झालं ते बघून त्याने निमूटपणे टोपण लावलं. हातकागदाचा यात काही दोष नाही. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्याचा जुना कागद हाताचाच असे, पण त्याला खळ देऊन वर गुळगुळीत दगडाने घोटत. त्या घोटीव पाठीवर बोरू घसरत जायचा आणि अक्षर दोनशे वर्षं जागचं हलायचं नाही. आजच्या भेटवस्तूंच्या दुकानातली वही लिहिण्यासाठी केलेलीच नसते, ती देण्यासाठी केलेली असते. त्या वहीत आता वहिनी वाळवलेली कढीपत्त्याची पानं ठेवतात. कागद ओल चांगली ओढतो, म्हणाल्या.

दुकानात वही पारखायची असेल तर दुकानदाराला विनंती करून शेवटच्या पानावर शाईच्या पेनाने एक आडवी रेघ सावकाश मारा आणि एक ठिपका ठेवून पेन क्षणभर तिथेच टेकवा. रेघेची कड डोळ्याजवळ नेऊन बघा, कातरलेली दिसली तर वही परत ठेवा. मग पान उलटा. ठिपका मागे उमटला असेल तर त्या वहीच्या अर्ध्याच पानांचे पैसे वसूल होतील. दुकानदार नको म्हणाला तर आणखी एक खूण आहे: पानावरून बोटाचं पेर फिरवा. कापसासारखं लागलं तर शंका घ्यावी. ही खूण हुकमी नाही, पण पावसाळ्यात तेवढ्यावरच भागवावं लागतं.

पावसाळ्याची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती पुण्या-बंगळुरूच्या नातेवाइकांना कितीही सांगितली तरी पटत नाही. मे महिन्यात ज्या वहीवर दादाचं अक्षर मोत्यासारखं पडतं, तीच वही जुलैमध्ये त्याच पेनाखाली फुटायला लागते. पेन दोषी नाही, शाई दोषी नाही. कागदाने हवेतली ओल पिऊन घेतलेली असते, तंतू फुगलेले असतात, खळीची पकड सैल झालेली असते. दादाला आजवर मिळालेली सर्वात उपयोगी भेट म्हणूनच पेनाच्या दुकानातून आलेली नाही. ती वहिनींनी पनवेलच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून आणली: घट्ट झाकणाचा स्टीलचा चौकोनी डबा, आडवी वही मावेल एवढा. आत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या मण्यांच्या पुड्या. त्यांत दोन-चार रंग बदलणारे मणी असले की बरं; रंग पालटला की पुड्या बदलायची वेळ आली हे कळतं. सप्टेंबरपर्यंत दादाच्या वह्या डब्यात आणि वहिनींचे पापड पिशवीत, अशी व्यवस्था आहे. वरून बघणाऱ्याला कोणत्या डब्यात काय ते कळत नाही. नात एकदा चकली समजून उघडायला गेली आणि तिला दैनंदिनी मिळाली.

चांगल्या कागदाला एक वाईट खोड असते, तीही सांगून ठेवतो. शाई आत शिरत नाही, याचा अर्थ ती वर बराच वेळ ओली राहते. आणि आपण मराठी लिहिणारे. इंग्रजी लिहिणाऱ्याचा हात शब्द संपला की पुढे जातो. आपला शब्द संपला की हात शिरोरेषा ओढायला मागे येतो. त्या परतीच्या वाटेवर करंगळीची कड ताज्या उकारांवरून फिरते आणि 'गुरु' या शब्दाला शेपटी फुटते. त्यामुळे घोटीव वहीच्या जोडीला टिपकागदाचा एक गठ्ठा द्यावा. तो शंभर-दीडशे रुपयांत येतो, आणि हल्ली दुकानदाराला 'टिपकागद आहे का' विचारलं की तो आपल्याकडे वयाचा अंदाज घेतल्यासारखा बघतो. तरी विचारावं.

हे झालं शाई-कागदाचं. पण पुतणीचं समाधान होत नव्हतं. तिला बाबांसाठी काहीतरी पेनाचंच हवं होतं. सत्तरी होती, आणि बाटली नि वही तिला किराण्यासारखी वाटत होती. तेव्हा मी तिला म्हटलं, नवीन पेन देऊ नकोस, जुन्या पेनाची निब घासून दे.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. निबेच्या टोकाला कठीण धातूचा एक बारीक मणी जोडलेला असतो. कागदाला टेकतो तो मणी. त्याच्या आकारावर रेघेचा आकार ठरतो. गोल मणी असला की रेघ सगळ्या दिशांना सारखी. आपल्याकडे इंग्रजी सुलेखनाच्या नादाने जी चपटी निब लोकप्रिय आहे, ती उभी रेघ जाड काढते आणि आडवी बारीक. रोमन अक्षराला ते शोभतं. देवनागरीत मात्र काना जाड होतो आणि शिरोरेषा केविलवाणी, दोरीवर ओले कपडे टाकल्यासारखी. आपल्याला हवं त्याच्या उलट: आडवी जाड, उभी बारीक. अशी निब घासणारे कारागीर असतात. या घडणीला ते आर्किटेक्ट निब म्हणतात. तिने लिहिलं की शिरोरेषा तुळईसारखी भरीव येते आणि काना तिच्याखाली सडपातळ उभा राहतो.

दादाच्या वरच्या खणातलं जर्मन पेन लाडकं असलं तरी जाड निबेचं होतं आणि नेमकं म्हणूनच पडून होतं. जाड निबेत आपल्या जोडाक्षरांचे हाल होतात. 'द्ध'च्या पोटातली जागा बुजते, 'ष्ट्य' म्हणजे नुसता ठसा उमटतो, अनुस्वार आणि त्याखालची मात्रा एकमेकांत मिसळतात. म्हणून रोजच्या मराठी लेखनाला जपानी बारीक निब बरी; तिकडची बारीक ही जर्मन बारीकपेक्षाही बारीक असते, कारण त्यांनाही चौकटभर जागेत पुष्कळ रेघा कोंबायच्या असतात. पण घासायला मात्र जाडच निब लागते. घासणं म्हणजे धातू काढून टाकणं. बारीक मण्यातून काढायला उरतंच काय? आणि काढलेला धातू परत चिकटवता येत नाही. तेव्हा नियम असा की माणसाच्या सर्वात लाडक्या पेनाला हात लावायचा नाही. दुर्लक्षित, जाड निबेचं, पण ज्याचं अंग त्याच्या हातात बसतं असं पेन निवडायचं.

दुसरी अडचण अशी की ही भेट गुपचूप देता येत नाही. आर्किटेक्ट निब लहरी असते. ती ज्या कोनासाठी घासली त्या कोनात धरली तरच सरळ वागते. पेन जास्त उभं धरलं की खरखरते, आडवं पडलं की रेघ अर्धवट उठते. म्हणून कारागिराला तीन गोष्टी हव्या असतात: पेन, रोजच्या अक्षराचा नमुना, आणि लिहिताना हाताचा बाजूने काढलेला फोटो. नमुना आम्ही दुधाच्या हिशेबाच्या वहीतून घेतला. फोटोसाठी दादाला सांगितलं की तुझा लिहिताना फोटो हवाय. झालं. त्याने शर्ट बदलला, चष्मा पुसला आणि आयुष्यात कधी धरलं नव्हतं इतकं ताठ पेन धरलं. त्या फोटोवर निब घासली असती तर ती फक्त फोटो काढतानाच चालली असती. शेवटी पुतणीने त्याला सगळं सांगून टाकलं, आणि सत्तरीच्या दिवशी पाकिटात एक चिठ्ठी दिली: या पेनाची निब तुमच्या हाताप्रमाणे घासून मिळेल, कोणतं पेन ते तुम्ही ठरवा. पेनाची पेटी नाही, साखळी नाही, दोन ओळींची चिठ्ठी. दादा त्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत होता आणि मग म्हणाला, "ही कुठल्या पेनने लिहिलीस गं? बॉलपेन?"

पेन रिकामं करून, धुऊन, वाळवून कुरिअरने गेलं आणि काही आठवड्यांनी परत आलं. दादाने पहिला शब्द लिहिला तो गावाचा. पारखायला चांगला शब्द आहे हो: ग, व्ह मधलं जोडकाम आणि त्याचा काना, ण च्या दोन उभ्या दांड्या, आणि सगळ्यांवर एकच लांब छप्पर. मी भिंगातून बघितलं. शिरोरेषा एका दमात, दोन्ही कडा स्वच्छ; ण च्या दोन्ही दांड्या जुळ्या, बारीक आणि मधली जागा मोकळी. दादा काही बोलला नाही, त्याने खालच्या ओळीत पुन्हा तेच लिहिलं. मग तालुका, मग जिल्हा, मग पिन कोड.

ते भिंगही भेटच होतं. सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं, पाचशे-सातशेत येतं. पेन खरखरतंय म्हणून हळहळणाऱ्या माणसाला ते द्यावं. निबेच्या मधल्या चिरेच्या दोन बाजू, तिची दोन पाती, समोरून बघितली तर एका पातळीत दिसायला हवीत. एक वर, एक खाली दिसली की खरखर कुठून येते ते कळलं. वर आलेलं पातं नखाने अगदी हलकेच खाली दाबायचं, सोडायचं, पुन्हा बघायचं. दहा वेळा थोडंथोडं दाबलेलं चालतं, एकदाच जोरात दाबलेलं चालत नाही. निम्म्या खरखरत्या पेनांना याहून जास्त उपचार लागत नाही.

शाई ओढायच्या नळीचंही लोक विचारतात. स्वस्त वस्तू, उपयोगी वस्तू, पण प्रत्येक घराण्याची वेगळी. पार्करची लॅमीत बसत नाही, लॅमीची पायलटमध्ये बसत नाही. पेनाचं नाव नि नमुना वहिनींकडून कळल्याशिवाय घेऊ नका. सुट्या निबेचंही तसंच. जर्मनीच्या योवो आणि बॉक या दोघांच्या सहा नंबरच्या निबा दिसायला बहिणी, पण त्यांच्या बुडाचे आटे जुळत नाहीत. आणि पेनं धुवायला रबरी फुग्याची पिचकारी द्या, औषधाच्या दुकानात मिळते. दुकानदार विचारतो, बाळ केवढं आहे?

या दिवाळीला जावईबापूंचा फोन आला. ते शिस्तीचे, संगणकवाले. मी सांगितलेलं त्यांनी टिपून घेतलं: निळ्या-काळ्याची शेजारीण, चमकी नको, बाटली लहान. मग दुकानात गेले आणि ८० मिलिलिटरची घेऊन आले, कारण मिलिलिटरमागे ती स्वस्त पडत होती. दादाने बाटली उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला आणि त्याच रात्री नव्या घासलेल्या निबेने त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. पत्र पोचलं तसा त्याचा फोटो मला आला. जावईबापूंचं शिक्षण सगळं इंग्रजीतून झालेलं. खाली त्यांनी लिहिलं होतं, "काका, अक्षर इतकं सुंदर आहे की फ्रेम करणार आहे. फक्त दुसरी ओळ नीट लागली नाही, सांगाल का?"

दुसरी ओळ अगदी स्वच्छ होती. "रंग उत्तम, पुढच्या वेळी ३० मिलिलिटरची पुरे, उरलेल्या पैशांत कागद आणावा."